वय सत्तेचाळीस, चाकं दोन, ढोपर एक फुटलेलं

फोटोत मी आहे. ट्रॅक पँटचा उजवा पाय घोट्याजवळ रबरबँडने आवळलेला, डाव्या ढोपरावर ताजा ओरखडा, हातांत सायकलचं हँडल आणि तोंडभर हसू. फोटो भाचीने काढला. म्हणाली, "मावशी, खाली एक ओळ लिही, मग घरच्या ग्रुपवर टाकते." मी लिहायला बसले आणि ते एका ओळीत मावेना. सहा सकाळींचे फोटो होते, प्रत्येकामागे काहीतरी घडलं होतं, आणि प्रत्येक गोष्ट मला कुणाला तरी सांगायचीच होती. म्हणून या ओळी, आणि ओळींखालचं सगळं.

पहिली सकाळ. सायकलला पायडलं नाहीत. मुद्दाम काढलीत.

सायकल शिकायची तर आधी पायडल काढून टाकायचं, हे मला सायकलवाल्या काकांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं. त्यांनी पंधरा नंबरचा पान्हा लावला, दोन्ही पायडलं काढून माझ्या पिशवीत टाकली आणि सीट इतकी खाली घेतली, की बसल्यावर माझे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. "आता बसा आणि चाला," म्हणाले. सायकलवर बसून चालायचं. त्या दिवशी मी शाळेच्या मैदानाला तसे चार फेरे मारले. मैदानावर क्रिकेट खेळणारी मुलं खेळ थांबवून बघत होती, आणि मी आणखी ताठ बसून चालले.

गंमत अशी, की जगातली पहिली सायकल अशीच होती. १२ जून १८१७ या दिवशी जर्मनीतल्या मानहाइम शहरातून कार्ल फॉन ड्राइस हा माणूस दोन चाकांच्या एका लाकडी यंत्रावर बसून निघाला. यंत्राचं वजन वीस किलोंच्या वर. त्याला पायडल नव्हतं, चेन नव्हती. सीटवर बसायचं आणि पायांनी जमीन मागे ढकलत पळायचं. ड्राइस शहराबाहेरच्या एका ठाण्यापर्यंत जाऊन तासाभराच्या आत परत आला. पुढच्या चाकाला पायडल लावायची कल्पना रूढ झाली ती पॅरिसमध्ये, १८६०च्या दशकात. म्हणजे दोन चाकांवर तोल सांभाळता येतो हे कळल्यानंतरसुद्धा माणसाला पाय जमिनीवरून कायमचे उचलायला चाळीस-पन्नास वर्षं लागली. माझं एका आठवड्यात उरकलं.

पायडल काढण्यामागचं कारण साधं आहे. सायकल चालवताना डोक्याला एकाच वेळी दोन कामं पडतात : तोल आणि पाय. त्यांतलं पायाचं काम मोठ्या माणसाला पाच मिनिटांत जमतं, तोलाचं जमायला दिवस जातात. दोन्ही एकत्र दिली तर डोकं सोपं काम धरून बसतं. डोळे पायडलवर खिळतात आणि तोल कुणीच बघत नाही. पायडल काढलं, की शिकायला तोल तेवढा उरतो. शिवाय पाय कधीही टेकता येतात, त्यामुळे भीती निम्म्याने कमी होते.

मागे लावायच्या छोट्या आधारचाकांबद्दलही मी काकांना विचारलं होतं. त्यांनी मान हलवली. त्या चाकांवर सायकल कलतच नाही. ती तीनचाकीसारखी वळते, आणि वळताना अंग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. दोन चाकांवर मात्र वळायचं तर सायकलसकट आत कलावं लागतं. आधारचाकांनी लागलेली सवय नंतर मोडावी लागते. मागून कॅरियर धरून पळणाऱ्या माणसाचंही तसंच. तोल तो सांभाळतो, त्यामुळे आपल्या अंगाला कळतच नाही, की सायकल कधी कलली आणि कशी सावरली.

पायडल स्वतः काढणार असाल तर एक गोष्ट आधी माहीत हवी. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवं पायडल नेहमीसारखं, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की सुटतं. डावं मात्र घड्याळाच्या दिशेने सुटतं. आटे दोन्हीकडे सारखे असते, तर पाय मारता मारता डावं पायडल हळूहळू आपोआप सैल होऊन निघालं असतं, म्हणून ही तजवीज. लक्षात ठेवायला काकांची युक्ती बरी : पान्हा वरच्या बाजूला धरायचा. घट्ट करताना पुढच्या चाकाकडे ओढायचा, सोडवताना मागच्या चाकाकडे, दोन्ही बाजूंना हेच. परत बसवताना पायडलच्या दांड्यावर एल आणि आर ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात ती बघायची, आणि पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच फिरवायचे. बोटांनी फिरत नसेल तर पायडल चुकीच्या बाजूला लागतंय किंवा तिरकं बसतंय. तिथे पान्ह्याने जोर केला, तर आटे खाल्ले जातात आणि पायडल ज्यात बसतं तो पूर्ण दांडा बदलावा लागतो.

दुसरी सकाळ. दोन्ही पाय हवेत. मोजून तीन सेकंद.

माझा सगळ्यात आवडता फोटो हाच. मैदानाच्या एका कडेला अगदी हलका उतार आहे. तिथून मी लांब लांब ढांगा टाकत यायची आणि मध्येच दोन्ही पाय उचलायची. पहिल्या वेळी पाय उचलले आणि लगेच टेकले. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी तेच. भाची काठाला बसून मोठ्याने मोजत होती : "एक... गेलं." सकाळ संपता संपता तिने "एक, दोन, तीन!" म्हटलं आणि मी ओरडले. शाळेतल्या निकालाला मी कधी अशी ओरडले नव्हते.

यात मी पडलेही. डाव्या बाजूला, दोनदा. कारण तोल डावीकडे जायला लागला की माझे हात हँडल उजवीकडे ओढायचे. वाटतं, पडतोय त्याच्या उलट बाजूला पळावं. आणि सायकलवर नेमकं हेच चूक. ज्या बाजूला पडायला लागलात, हँडल त्याच बाजूला वळवायचं. डावीकडे झुकलात, तर डावीकडेच.

असं का, ते समजायला लहानपणीचा खेळ आठवा. केरसुणीचा दांडा किंवा काठी तळहातावर उभी धरायची. काठी डावीकडे झुकली की आपण हात डावीकडेच नेतो, म्हणजे काठीचं खालचं टोक वरच्या भाराखाली येतं आणि ती पुन्हा उभी राहते. सायकलवर आपण म्हणजे काठी आणि चाकं म्हणजे तळहात. हँडल पडण्याच्या बाजूला वळवलं, की चाकं त्या बाजूला धावतात आणि आपल्या अंगाखाली येऊन पोहोचतात. उलट वळवलं तर चाकं आपल्याखालून निसटतात. माझं डावं ढोपर तसंच फुटलं.

मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक १८८४ साली सायकल शिकला. तेव्हा तो ४८ वर्षांचा होता, माझ्याहून एका वर्षाने मोठा. आणि त्याची सायकल माझ्या सायकलसारखी बुटकी नव्हती. पुढचं चाक प्रचंड, मागचं एवढंसं, आणि बसायची जागा छातीच्या उंचीवर. पडला की तिथून पडायचा. त्याने आपल्या शिकवणीवर एक लेख लिहिला, त्यात हाच मुद्दा आहे : सगळं शरीर एक सांगतं आणि सायकलचा नियम त्याच्या उलट असतो. बुद्धीला पटलं तरी हातांना पटत नाही. तो लेख त्याच्या हयातीत छापलाच नाही, १९१७ साली, त्याच्या मृत्यूनंतर आला. तो वाचल्यावर मला एकदम सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

तोलाबद्दल आणखी एक. आम्हाला शाळेत सांगितलं होतं, की फिरणारी चाकं भोवऱ्यासारखी असतात आणि भोवरा जसा उभा राहतो तशी सायकल उभी राहते. मी ते इतकी वर्षं धरून चालले होते. पण डेव्हिड जोन्स नावाच्या संशोधकाने १९७० साली एका सायकलला उलट फिरणारं जास्तीचं चाक लावून भोवऱ्याचा परिणाम पुसून टाकला, तरी ती सायकल चालवता आलीच. पुढे २०११ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक छोटी सायकल बनवली. तिच्यात भोवऱ्याचा परिणाम नाही, आणि पुढचं चाक हँडलच्या रेषेमागे घसटत येण्याचा जो दुसरा फायदा सांगतात, तोही नाही. तरी ढकलून सोडल्यावर ती वर कुणी नसताना सरळ चालत गेली. या दोन गोष्टींची मदत होत असेल, पण त्यांच्यावाचून सायकल अडत नाही. खरी गोष्ट एवढीच, की झुकणारी सायकल आपलं पुढचं चाक झुकण्याच्या बाजूला वळवून घेते. चांगली सायकल जे स्वतःहून करते, तेच माझ्या हातांना शिकायचं होतं.

आणि ते करायला तिला वेग लागतो. अगदी हळू चाललेली सायकल जास्त डगमगते, कारण चाकं आपल्याखाली पोहोचायच्या आत आपण पडलेलो असतो. नवशिक्या माणसाला हळू जाणं सुरक्षित वाटतं, मलाही वाटत होतं. पण भरभर चालण्याहून थोडा जास्त वेग आला, की डगमग एकदम कमी होते. तो क्षण मला अजून अंगात जाणवतो. हँडल हातात थरथरत होतं आणि अचानक शांत झालं.

तिसरी सकाळ. हा मैदानातला एकुलता एक कडुलिंब. मी त्याला दोनदा धडकले.

अख्खं मैदान मोकळं, आणि मधोमध एक झाड. मी झाड चुकवायचं म्हणून झाडाकडेच बघत राहिले आणि सरळ त्याच्यावर गेले. दुसऱ्यांदाही. भाची ओरडत होती, "मावशी, झाडाकडे नको बघूस, त्या गेटकडे बघ!" गेटकडे बघितलं आणि सायकल गेटकडे गेली. नजर जिथे जाते तिथे मान वळते, मानेमागे खांदे जातात आणि खांद्यांमागे हँडल. म्हणून चुकवायच्या वस्तूकडे बघायचं नाही, तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघायचं. आणि पुढच्या चाकाकडे तर कधीच नाही, दहा-पंधरा पावलं पुढे.

बर्नार्ड शॉ हा नाटककार १८९५ साली, ३८ वर्षांचा असताना सायकल शिकला आणि धडपडण्याबद्दल मित्रांत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्याने चालत्या सायकलवरून थेट बर्ट्रांड रसेलला धडक दिली. रसेल तेव्हा विशीतला तरुण, पुढे जाऊन मोठा तत्त्वज्ञ झाला. रसेलची विजार फाटली आणि तो आगगाडीने घरी गेला. शॉ सायकलनेच परत गेला आणि पुढेही वर्षानुवर्षं सायकल चालवत राहिला. कडुलिंबाची साल माझ्या हातमोज्याला लागलेली असताना ही हकीकत वाचणं म्हणजे सुख आहे.

हातमोजे घातलेच पाहिजेत, हे इथेच सांगते. पडताना माणूस तळहात पुढे करतो, आणि मोठ्या माणसाचं वजन तळहातावर आलं की साल निघते, कधी मनगटालाही इजा होते. हेल्मेट, हातमोजे, पूर्ण बाह्या. ओढणी घरी ठेवायची आणि पँटचा उजवा पाय बांधायचा, कारण चेन त्या बाजूला असते.

चौथी सकाळ. पायडलं परत आली.

आता दोन्ही पाय उचलून मी मैदानाची अर्धी कड पार करत होते, तेव्हा काकांनी पायडलं परत बसवली. सीट अजून खालीच. एक पायडल वर आणि थोडं पुढे आणायचं, घड्याळात दोन वाजताना मोठा काटा नव्हे, छोटा काटा असतो तिथे. एक पाय त्यावर, दुसरा जमिनीवर. ब्रेक सोडायचा, पुढे बघायचं आणि वरचा पाय जोरात दाबायचा. त्या एका दाबाने जो वेग मिळतो, त्यावर सायकल एवढा वेळ उभी राहते, की दुसऱ्या पायाला पायडल सापडतं. पायडल फार खाली असताना निघालात, तर पहिला दाब फुसका जातो आणि सायकल जागीच कोलमडते. माझ्या पहिल्या सहा प्रयत्नांत हेच झालं. सातव्या वेळी मी चाळीस फूट गेले आणि कुंपणाची जाळी धरून थांबले.

थांबण्याचं शिक्षण त्यानंतर लगेच झालं. घाबरल्यावर मोठी माणसं ब्रेक विसरतात आणि पाय घासून थांबायला बघतात. म्हणून मी दहा वेळा नुसतं निघायचं आणि थांबायचं, एवढंच केलं. कोणत्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा आहे, हे सायकल उभी असतानाच दाबून बघून ठेवायचं. दोन्ही ब्रेक हळूहळू एकत्र दाबायचे, आणि पाय टेकायचा तो सायकल जवळजवळ थांबल्यावर.

त्या सकाळी बघायला आलेले माझे मोठे भाऊ एक गोष्ट बोलून गेले आणि मी थबकले. म्हणाले, "अगं, आम्ही पण असंच शिकलो." त्यांच्या लहानपणी तासावर भाड्याने मिळायची ती मोठ्यांची, दांडीची उंच सायकल. पाय पुरायचे नाहीत. मग आधी डावा पाय डाव्या पायडलवर ठेवायचा आणि उजव्या पायाने जमीन मागे रेटत लंगडी घालत जायचं. ते जमलं की दांडीखालच्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडे घालायचा आणि अर्धं पायडल मारायचं. फुल पायडल त्यानंतर, आणि टांग मारून दांडीवरून सीटवर बसणं अगदी शेवटी. लंगडी घालत रेटणं म्हणजे ड्राइसचंच यंत्र! आधी तोल, मग पाय. गावागावांतल्या पोरांनी तो क्रम स्वतःच शोधून काढला होता. मोठेपणी शिकणाऱ्यांना मात्र आपण एकदम सीटवर बसवतो आणि "मार पायडल" म्हणून मागून ढकलतो.

याच दिवशीचा दुसरा फोटो. मी जमिनीवर बसले आहे आणि पाणी पिते आहे.

या फोटोखाली मला दोन माणसांची नावं लिहायची आहेत.

पहिलं नाव लिओ टॉलस्टॉय. १८९५च्या फेब्रुवारीत त्यांचा सगळ्यात धाकटा मुलगा, सात वर्षांचाही पूर्ण न झालेला वान्या, लाल तापाने गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, टॉलस्टॉय सायकल शिकायला लागले. मॉस्कोत घोडेस्वारीसाठी बांधलेल्या मोठ्या बंदिस्त सभागृहात ते सराव करत. आजूबाजूच्या काही लोकांना हे विचित्र वाटलं : इतका मोठा लेखक, इतकं मोठं दुःख, आणि हा सायकल चालवतो. मला ते मुळीच विचित्र वाटत नाही. सायकलवर पहिल्या दिवसांत दुसरं काहीही मनात राहू शकत नाही, कारण मन जरा हललं की तोल जातो. मैदानावरचा तास माझ्याही डोक्यात कशालाच जागा ठेवत नव्हता. टॉलस्टॉय यांची सायकल मॉस्कोतल्या त्यांच्या घरात, आता संग्रहालय झालेल्या त्या वास्तूत, ठेवलेली आहे.

दुसरं नाव फ्रान्सिस विलर्ड. अमेरिकेत दारूबंदीसाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एका मोठ्या संघटनेच्या त्या अध्यक्ष होत्या. ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या. सायकलचं नाव त्यांनी ग्लॅडिस ठेवलं होतं. रोज दहा-पंधरा मिनिटं सराव, असे जवळजवळ तीन महिने. सुरुवातीला आजूबाजूला धरायला माणसं, मग ती कमी होत गेली, आणि कुणाच्याही मदतीशिवाय स्वार होणं सगळ्यात शेवटी. १८९५ साली त्यांनी या शिकण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात आपली धडपड कुठेही झाकली नाही. तीन महिने म्हटल्यावर जास्त वाटतं, पण बेरीज करून बघा. रोज दहा-पंधरा मिनिटांप्रमाणे ते होतात वीस तासांच्या आसपास. मोठ्या माणसाला थकलेल्या अंगाने तासभर झगडण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं जास्त उपयोगी पडतात, हे माझ्याही बाबतीत खरं ठरलं. विसाव्या मिनिटानंतरच्या माझ्या सगळ्या पडझडी मांड्या थकल्यामुळे झाल्या.

पाचवी सकाळ. आज आम्ही दोघी. शेजारच्या वहिनीही आल्या.

वहिनी एक्कावन्न वर्षांच्या. काठावर दोन दिवस उभ्या राहून बघत होत्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "माझी पण पायडलं काढा." एकीचं बघून दुसरी येते. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात हेच घडलं होतं, फक्त लाखाच्या हिशोबात.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अरिवोळी इयक्कम ही साक्षरता चळवळ चालू होती, आणि जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. त्यांनी लिहिण्या-वाचण्याच्या जोडीला सायकल शिकवणं ठेवलं. सायकल येणारी बाई कुणावर अवलंबून न राहता वर्गाला येऊ शकते, दुसऱ्या गावी शिकवायला जाऊ शकते. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडी सेविका, शिक्षिका, सगळ्या मैदानात उतरल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी यावर लिहिलं, त्यामुळे आपल्यापर्यंत हे पोहोचलं. त्यांच्या लेखानुसार एक लाखाहून जास्त ग्रामीण बायका सायकल शिकल्या. १९९२च्या महिला दिनाला दीड हजारांवर बायका हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत पुदुकोट्टई शहरातून गेल्या.

मला त्यातला एक तपशील फार आवडतो. लेडीज सायकली पुरेनात, म्हणून बायकांनी दांडीच्या जेंट्स सायकली घेतल्या. आणि पुढे कित्येकींना त्याच आवडायला लागल्या, कारण सीटपासून हँडलपर्यंतच्या दांडीवर मूल बसवता येतं. मागे कॅरियरवर पाण्याची घागर, पुढे लेकरू, मध्ये ती. दांडी अडचण आहे असं सगळं जग म्हणत होतं, त्यांनी तिची बैठक केली.

वहिनी त्या सकाळी पायडलांशिवाय चार फेरे मारून गेल्या. पडल्या नाहीत. मी पडले, पण दुसऱ्या कारणाने, आणि ते पुढच्या फोटोत आहे.

सहावी सकाळ. जमिनीवर ओल्या रेघा. सायकलने काढलेल्या.

मला डावीकडे वळता येत होतं, उजवीकडे नाही. उजवीकडे वळायला गेले की सायकल अडखळायची. बऱ्याच जणांचं असं होतं, एक बाजू आधी येते. मग भाचीने एक खेळ केला. मैदानाशेजारच्या सिमेंटच्या पट्ट्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि मला त्यातून चालवत पुढे वळायला सांगितलं. ओल्या टायरांनी जमिनीवर दोन रेघा उमटल्या, पुढच्या चाकाची नागमोडी आणि मागच्या चाकाची तिच्यापेक्षा सरळ. वाकून बघितलं तर उजव्या वळणाच्या अगदी सुरुवातीला पुढच्या चाकाची रेघ किंचित डावीकडे गेलेली होती.

हे चुकून झालं नव्हतं. उजवीकडे वळायचं तर आधी उजवीकडे कलायला हवं. आणि कलण्यासाठी चाकं क्षणभर डावीकडे काढावी लागतात, म्हणजे अंग उजवीकडे झुकतं. मग हँडल उजवीकडे येतं. सायकल चालवणारा प्रत्येक जण हे करतो आणि जवळपास कुणालाच ते ठाऊक नसतं. विमान उडवणारे राइट बंधू मुळात सायकलींचे दुकानदार. त्यांतल्या विल्बर राइटने कितीतरी सायकलस्वारांना विचारलं होतं, की डावीकडे वळताना तुम्ही आधी काय करता. आधी हँडल उजवीकडे जातं, हे त्यांच्यापैकी कुणीच सांगू शकला नाही. हातांना येत होतं, तोंडाला माहीत नव्हतं.

मी अडखळत होते, कारण मी हँडल जबरदस्तीने उजवीकडे फिरवत होते, म्हणजे चाकं माझ्याखालून काढून घेत होते. भाची म्हणाली, "हँडल फिरवू नकोस. नुसती त्या कोपऱ्याकडे बघ आणि त्या बाजूला कल." मी कोपऱ्याकडे बघितलं आणि सायकल वळली. चार वेळा वळवून घेतली, खात्री करायला.

हातांचं शहाणपण किती खोल बसतं, याचं एक उदाहरण मी वहिनींना सांगितलं. डेस्टिन सँडलिन या अमेरिकन इंजिनिअरच्या मित्रांनी त्याला एक सायकल बनवून दिली. हँडल डावीकडे फिरवलं की चाक उजवीकडे जायचं, उजवीकडे फिरवलं की डावीकडे. लहानपणापासून सायकल चालवणाऱ्या या माणसाला ती चालवायला रोजचा सराव करून आठ महिने लागले. त्याच्या लहान मुलाला दोन आठवडे. आणि मग त्याला साधी सायकल चालवता येईना! वीसेक मिनिटं धडपडल्यावर एका क्षणी जुनी खूण परत सापडली. २०१५ साली त्याने हे सगळं व्हिडिओत दाखवलं. मोठ्यांना जास्त वेळ लागतो हे त्यातून दिसतं, पण जमतं हेही दिसतं. माझ्या हातांना तर काही विसरायचंही नव्हतं, ते कोरे होते.

शेवटचा फोटो. हाच तो, जो ग्रुपवर जाणार आहे.

अजून मी रस्त्यावर जात नाही. रस्त्यासाठी तीन गोष्टी हव्यात आणि त्यांतल्या दोन मला येत नाहीत. एक, सरळ रेघेत जाताना मान वळवून मागे बघणं. सध्या मान वळली की सायकलही त्या बाजूला वळते. दोन, एक हात सोडून वळण्याची खूण करणं. तीन, हव्या त्या जागी थांबणं, हे जमलंय. पहिल्या दोन्हींचा सराव आता मैदानात चालू आहे. भाची मागे उभी राहते आणि बोटं दाखवते, मी चालवता चालवता मागे बघून किती ते ओरडून सांगायचं. काल पाचपैकी दोन बरोबर आली.

सीटही हळूहळू वर जाते आहे, दर वेळी बोटभर. पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर टेकली आणि पाय सरळ झाला, की उंची बरोबर, असं काका म्हणाले. अजून दोन बोटं बाकी आहेत. तोवर ढोपरं जरा लवकर दुखतात.

भाचीने पुन्हा विचारलं, "मावशी, लिहिलीस का ओळ?" मी फोन हातात घेतला आणि टाइप केलं :

"वय ४७. सायकल स्वतः चालवली, मैदानाचे तीन पूर्ण फेरे. पडले नऊ वेळा. कडुलिंबाला दोनदा धडकले. उजवीकडे वळता येतं. उद्या सकाळी सहाला पुन्हा मैदानावर आहे, कुणाला शिकायचं असेल तर पंधराचा पान्हा माझ्याकडे आहे."

रात्रीपर्यंत ग्रुपवर चार उत्तरं आली. त्यांतलं एक सांगलीच्या आत्याचं होतं. आत्या बासष्ट वर्षांच्या. त्यांनी एवढंच विचारलं होतं : "डावं पायडल कुठल्या बाजूला सुटतं म्हणालीस?"